सही आई-बापाची, शरीर पोराचं: दवाखान्यात कोणत्या वयाला कुणाची संमती चालते?

दिवाळी झाली की आपल्या तालुक्यांतली अर्धी गावं कारखान्यांच्या फडावर जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. समजा, अशाच एका घरातला १५ वर्षांचा मुलगा. दहावीत शिकतो, आजीजवळ राहतो. रात्री बेंबीभोवती दुखायला लागलं, सकाळपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं, दोनदा उलटी झाली, अंगात कणकण आहे. आजीने ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी ठेवली. दुपारी चुलत्याने गाडीवर घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, अपेंडिक्सची शंका सांगितली आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे सोनोग्राफी झाली. ऑपरेशन करायचं ठरलं आणि सिस्टरने कागद पुढे केला: "पालकांची सही पाहिजे. आई-वडील कुठेत?"

आई-वडील तीनशे किलोमीटरवर ऊस तोडताहेत. मुलगा म्हणतो, मी करतो सही, पोट माझंच दुखतंय. चुलता म्हणतो, मी करतो. आजी म्हणते, माझा अंगठा घ्या. मग नेमकं कुणाचं चालतं?

याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण कायद्यात आकडे दोन आहेत: १२ आणि १८. अनेकांना वाटतं की यातला एक जुना आणि एक नवा असावा, किंवा कायद्यातच गोंधळ आहे. गोंधळ थोडा आहेच, पण दोन्ही आकडे आजही चालू आहेत. कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

१२ वर्षं कुठून आली?

डॉक्टर सुई टोचतो, पोट कापतो. कुणाच्याही शरीराला अशी इजा करणं एरवी गुन्हा आहे. डॉक्टरचा तो गुन्हा होत नाही, कारण पेशंटची संमती असते आणि काम त्याच्या भल्यासाठी असतं. हा नियम १८६० च्या भारतीय दंड संहितेत लिहिला गेला. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण हा भाग जवळपास जसाच्या तसा उचलला आहे. फक्त कलमांचे नंबर बदलले.

नव्या संहितेचं कलम २६ सांगतं की एखाद्याच्या भल्यासाठी, प्रामाणिकपणे, त्याच्या संमतीने केलेलं काम, त्यात धोका असला तरी, गुन्हा नाही. मारण्याचा हेतू मात्र नसावा. इथे वय लिहिलेलं नाही. वय येतं कलम २८ मध्ये: १२ वर्षांखालच्या मुलाची संमती ही संमती धरायची नाही. आणि कलम २७ म्हणतं की १२ खालच्या मुलासाठी पालकाने किंवा त्याचा कायदेशीर सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीने संमती द्यायची.

कलम २७ ला जोडून कायद्याने एक उदाहरण दिलं आहे, ते वाचण्यासारखं आहे. बाप आपल्या मुलाच्या भल्यासाठी, मुलाची संमती नसताना, सर्जनकडून त्याचं मुतखड्याचं ऑपरेशन करून घेतो. त्यात मूल दगावू शकतं हे त्याला माहीत आहे, पण तसा त्याचा हेतू नाही. असा बाप गुन्हेगार नाही. हे उदाहरण १८६० चं आहे. तेव्हा अशी ऑपरेशनं म्हणजे जिवावरचाच खेळ होता.

म्हणजे १२ हा आकडा एवढंच सांगतो की बारा पूर्ण झालेल्या मुलाने समजून हो म्हटलं आणि डॉक्टरने त्याच्या भल्यासाठी उपचार केले, तर डॉक्टरवर गुन्हा होत नाही. जखमेला टाके घालायचे आहेत, रक्त तपासायचं आहे, ताप बघायचा आहे, अशा वेळी १४ वर्षांची मुलगी एकटी आरोग्य केंद्रात आली तर तिला आईला घेऊन ये म्हणून हाकलून द्यायचं कायदेशीर कारण नाही. तरीही हाकललं जातं, हे खरं आहे.

मग १८ का विचारतात?

कारण ऑपरेशन म्हणजे नुसती पोलीस केसची भीती नसते. दवाखान्यात भरती होणं, खर्चाची जबाबदारी घेणं, भुलेचा आणि ऑपरेशनचा धोका मान्य आहे असं लिहून देणं, हा एक प्रकारचा करार आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही. आणि १८७५ च्या कायद्यानुसार सज्ञान होण्याचं वय १८ आहे. लग्न लवकर लावून दिलं म्हणून मुलगी सज्ञान होत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. शिवाय डॉक्टरांसाठी २००२ साली जे आचारनियम आले त्यांत स्पष्ट आहे की ऑपरेशनच्या आधी लेखी संमती घ्यायची आणि पेशंट अज्ञान असेल तर ती आई-वडिलांची किंवा पालकाची घ्यायची.

म्हणून सिस्टरने पालकांची सही मागितली ती चूक नाही. १५ वर्षांच्या मुलाची एकट्याची सही घेऊन पोट उघडायला कुठलाही सर्जन सहसा धजणार नाही. काही बिघडलं तर गुन्ह्यातून तो कदाचित सुटेल, पण भरपाईच्या दाव्यात अडकेल.

तिसरी गोष्ट भल्याची. कलम २६ पेशंटच्या स्वतःच्या भल्यासाठीच चालतं. ज्यात स्वतःचा शारीरिक फायदा नाही तिथे कायदा १२ वर नाही, १८ वरच थांबतो. बहिणीला किडनी द्यायला १६ वर्षांचा भाऊ कितीही तयार असला, आई-वडिलांनी सही दिली, तरी चालत नाही. अवयवदानाच्या कायद्यात दाता म्हणजे १८ पूर्ण केलेली व्यक्ती. कारण किडनी जाणार त्याची आणि फायदा होणार दुसऱ्याला. घरात असा प्रसंग आला तर त्या पोरावर केवढं दडपण येईल, याचा विचार करून ही रेघ मारलेली आहे. तीच १६ वर्षांची व्यक्ती स्वतःच्या उपचाराला मात्र हो म्हणू शकते. वय तेच, पण प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

पुन्हा आपल्या पोराकडे

जिल्हा रुग्णालयात आता पाच वाजले आहेत. पुढचं सगळं एका गोष्टीवर ठरतं: थांबायला वेळ आहे का?

अपेंडिक्स फुटायच्या आधी थोडी सवड असते, पण ती किती ते कुणी ठामपणे सांगू शकत नाही. दुखणं सुरू होऊन दीड-दोन दिवस झाले की फुटण्याचा धोका वाढत जातो. आणि एक फसवं लक्षण लक्षात ठेवा. फार दुखत असलेलं पोट अचानक शांत झालं तर घरचे म्हणतात, उतरलं. खरं तर कधीकधी ते फुटलेलं असतं. थोड्या वेळाने सगळं पोट फळीसारखं कडक होतं, ताप चढतो, आणि तेव्हा प्रकरण जिवावर गेलेलं असतं.

वेळ असेल तर रीतसर मार्ग असा. आई-वडिलांना फोन लावायचा. बरेच डॉक्टर स्पीकरवर बोलून, साक्षीदारासमोर, केसपेपरवर वेळ आणि बोलणं लिहून ठेवतात. आईचं चालतं का, वडीलच लागतात का, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असे शब्द आहेत. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं की 'नंतर' म्हणजे मेल्यावर नव्हे. वडील हजर नसतील, लक्ष देत नसतील, तेव्हाही आईच पालक. त्यामुळे बाप फडावर आणि आई घरी असेल तर आईच्या सहीला कमी लेखायचं कारण नाही.

आजीचं काय? मुलगा आजीच्या सांभाळात आहे. 'कायदेशीर सांभाळ करणारी दुसरी व्यक्ती' हे शब्द कलम २७ मध्ये १२ खालच्या मुलांसाठी आहेत. पण व्यवहारात दवाखाने अशाच व्यक्तीची सही घेतात आणि सोबत आई-वडिलांचा फोन. त्यासाठी एक साधी गोष्ट हंगामाला जाण्याआधी करता येते. एका कागदावर लिहायचं की आमच्या गैरहजेरीत मुलांच्या दवाखान्याची जबाबदारी आजीकडे किंवा अमुक चुलत्याकडे आहे. दोघांनी सह्या करायच्या, दोन साक्षीदार घ्यायचे, मुकादमाचा आणि आपला नंबर लिहायचा. या कागदाने कोर्टातलं पालकत्व मिळत नाही, पण कॅज्युअल्टीत रात्री अकरा वाजता सांभाळ कुणाकडे आहे हे तरी दाखवता येतं.

आणि वेळ नसेल तर? तेव्हा कुणाचीच सही लागत नाही. न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये हे स्पष्ट आहे. संमती देणारा पालक वेळेत सापडत नसेल तर डॉक्टरने भल्यासाठी केलेला उपचार गुन्हा नाही. इथलं उदाहरणही जुनंच आहे. अपघातात सापडलेलं मूल, लगेच ऑपरेशन केलं नाही तर मरेल, पालकांना विचारायला वेळ नाही, मूल नको नको म्हणतंय, तरी सर्जन ऑपरेशन करतो. त्याने गुन्हा केला नाही. म्हणून सर्पदंश, अपघात, फुटलेलं अपेंडिक्स घेऊन जाताना सहीवाला माणूस शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि निघा.

या सगळ्यात पोराला मात्र कुणी विचारलेलंच नसतं. पंधरा वर्षांच्या मुलाला स्ट्रेचरवर टाकून आत नेतात, काय कापणार, भूल कशी देणार, शुद्धीवर आल्यावर नळी कशाची असेल, हे कुणी सांगत नाही. मग तो हात झटकतो आणि सगळे म्हणतात, पोरगं ऐकत नाही. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. मुलाशी संबंधित बाबींत त्याचं म्हणणं, वय आणि समज पाहून, विचारात घेतलं पाहिजे असं त्यात आहे. सही पालकांची असली तरी मुलाला विचारायला, त्याच्या शंकेचं उत्तर द्यायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही. तातडी नसलेल्या ऑपरेशनला, समजा हर्नियाला, मुलगा ठाम नाही म्हणत असेल तर चांगला डॉक्टर तारीख पुढे ढकलतो आणि बोलतो. मात्र १५ वर्षांच्या मुलाचा नकार पालकांच्या होकारावर भारी पडेल असं कलम आपल्याकडे नाही, हेही खरं.

उलटंही घडतं. मूल उपचार मागतंय आणि घरचे अंगारा लावून बसलेत. जीव धोक्यात असेल तर डॉक्टर, शिक्षक, आशाताई, कुणीही १०९८ या चाइल्डलाइनवर कळवू शकतं. प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जातं.

मुलींच्या बाबतीत दोन्ही आकडे एकत्र येतात

हा भाग लिहायला अवघड आहे, पण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला आणि वैद्यकीय तपासणी करायची आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचनांनुसार १२ वर्षांवरची मुलगी या तपासणीला स्वतः संमती देऊ शकते, आणि नकारही देऊ शकते. नकार दिला म्हणून तिचे उपचार थांबवता येत नाहीत. पॉक्सो कायद्यानुसार मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची आणि सोबत आई-वडील किंवा मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती हवी. तशी कुणी नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने एक महिला नेमायची. इथे १२ का? कारण अत्याचार करणारा घरातलाच असू शकतो. सगळं पालकांच्या सहीवर ठेवलं तर काही मुलींची तपासणी कधीच होणार नाही.

त्याच मुलीला दिवस गेले असतील आणि गर्भपात करायचा असेल तर मात्र वय १८. १९७१ च्या गर्भपात कायद्यात १८ खालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. पण या कायद्यात पालकाची व्याख्या रुंद आहे: मुलीची काळजी घेणारी व्यक्ती. आई-वडीलच असले पाहिजेत असं नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं आणि अल्पवयीन मुली या सवलतीत बसतात. २४ च्या पुढे गेलं की, गर्भात गंभीर दोष नसेल तर, कोर्टाची पायरी चढावी लागते. लोकलाजेपायी पाच महिने गप्प बसणारं घर स्वतःच मुलीचा सोपा मार्ग बंद करतं.

गप्प बसण्याचं आणखी एक कारण म्हणजे पोलिसांची भीती. पॉक्सोत डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, त्यामुळे काही घरं गावठी उपायांकडे वळतात आणि मुली जिवाला मुकतात. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने यावर वाट काढली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे दवाखान्यात तोंडाने मागावं लागतं. आपोआप होईलच असं नाही.

मुलगी एक म्हणते आणि पालक दुसरं, तेव्हा? महाराष्ट्रातल्याच एका १४ वर्षांच्या मुलीचं प्रकरण एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. गर्भ सात महिन्यांच्या आसपास होता. कोर्टाने आधी गर्भपाताला परवानगी दिली. नंतर आई-वडिलांना मुलीच्या जिवाची काळजी वाटू लागली, त्यांनी मत बदललं आणि कोर्टाने आदेश मागे घेतला. पण त्याच निकालात कोर्टाने म्हटलं की गरोदर अल्पवयीन मुलीचं मत पालकापेक्षा वेगळं असेल तर तिचं मत महत्त्वाचं मानून निर्णय झाला पाहिजे. कायद्यात आकडा १८ च राहिला, पण मुलीला बाजूला बसवून तिच्यावर निर्णय घेता येत नाही, एवढं तरी स्पष्ट झालं.

मनाच्या आजारात पालकांवरही नजर

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही वय १८ आहे, पण कारण निराळं. मुलाला मनोरुग्णालयात भरती करायला नुसती बापाची सही पुरत नाही. दोन मनोविकारतज्ज्ञांनी, किंवा एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर अथवा मानसोपचार कर्मचारी यांनी, स्वतंत्रपणे तपासावं लागतं. मुलाला मोठ्या माणसांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, घरचं माणूस सोबत राहावं लागतं आणि ७२ तासांच्या आत मंडळाला कळवावं लागतं. शॉक ट्रीटमेंटला तर पालकाच्या संमतीबरोबर मंडळाची आधी परवानगी लागते. त्रासदायक पोर किंवा नको असलेलं प्रेमप्रकरण 'वेड' म्हणून आत टाकलं जाऊ नये, यासाठी ही अडचण मुद्दाम घातली आहे. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे.

आणि याच २०१७ सालचा एचआयव्ही कायदा पाहा. त्यात १२ पुन्हा दिसतो, पण वेगळ्या रूपात. घरात एचआयव्ही आहे, आई-वडील नाहीत किंवा आजारी आहेत, आणि १२ ते १८ मधलं समजदार मूल घर चालवतंय. असं मूल आपल्या लहान भावंडाचं पालक म्हणून काम करू शकतं. शाळेत नाव घालणं, बँकेचं खातं आणि उपचारसुद्धा. जे मूल भावाच्या औषधासाठी रांगेत उभं राहतं, त्याला तू लहान आहेस म्हणून परत पाठवणं बरोबर नाही, हे इथे कायद्याने मान्य केलं.

जाता जाता, वयाचा दाखला

आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेले कितीतरी आहेत. मग १७ की १८ यावर अडतं. आधार कार्डावरची जन्मतारीख वयाचा पक्का पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. त्या प्रकरणात शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला गेला. शाळेचा दाखला किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला यांची झेरॉक्स आणि आजीच्या जबाबदारीचा तो कागद, हे दोन्ही एकाच पिशवीत ठेवा. आणि सहीचा फॉर्म पुढे आला की ऑपरेशनचं नाव भरलेलं आहे का ते आधी बघा. कोऱ्या फॉर्मवर अंगठा देऊ नका. भुलेसाठी वेगळा कागद असेल तर तोही वाचून घ्या, आणि वाचताना मोठ्याने वाचा, म्हणजे पलंगावरच्या पोरालाही ऐकू जाईल.